छत्तीस चिठ्ठ्या आणि एक कॅलेंडर

नववीच्या वर्गात संभाव्यतेचा धडा सुरू करताना मी नाणं किंवा फासा घेत नाही. वाढदिवस घेते. ही नोंद अशाच एका तासाची आहे. त्या दिवशी हजेरी छत्तीसची होती.

तास सुरू होताच प्रत्येकाला वहीच्या पानाचा एक तुकडा दिला. त्यावर फक्त जन्मतारीख आणि महिना लिहायचा, वर्ष लिहायचं नाही, घडी घालून डब्यात टाकायची. चिठ्ठ्या आधीच लिहून घेण्याला कारण आहे. तोंडी विचारत गेलं तर चौथ्या-पाचव्या मुलापासून गंमत सुरू होते. मैत्रिणीची तारीख ऐकून कोणीतरी मुद्दाम तीच सांगतं आणि सगळा प्रयोग वाया जातो. जुळी भावंडं वर्गात असतील तर दोघांची मिळून एकच चिठ्ठी घेते. या तुकडीत जुळं नव्हतं. २९ फेब्रुवारीचंही कोणी नव्हतं, त्यामुळे वर्ष ३६५ दिवसांचं धरायला अडचण नव्हती.

फळ्याला बारा महिन्यांचा मोठा तक्ता चिकटवला आणि विचारलं, "या वर्गात दोघांचा तरी वाढदिवस एकाच दिवशी असेल का? असा जुळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त व्हायला किती मुलं लागतील?"

बहुतेकांचं उत्तर १८३ आलं. दिवस ३६५, त्याचे निम्मे १८३. एका मुलीने शंभर म्हटलं, पण तेही अंदाजाने. छत्तीसात जुळेल असं म्हणणारे चारच हात वर आले.

मग एकेक चिठ्ठी उघडायची, तारीख वाचायची आणि तक्त्यावरच्या त्या चौकोनात लाल स्केचपेनने फुली मारायची, एवढंच काम. दहा चिठ्ठ्या झाल्या, दहा फुल्या, सगळ्या वेगळ्या. तक्ता जवळजवळ कोरा दिसत होता. पंधरा झाल्या, वीस झाल्या. तेवीस झाल्या तेव्हा माझा हात जरा थबकला, कारण पुस्तकातला प्रसिद्ध आकडा तोच. काहीच जुळलं नाही. चोवीस, पंचवीस, सव्वीस. मागच्या बाकांवर चुळबुळ सुरू झाली. "बाई, नाही होणार," असं एकाने सांगूनही टाकलं.

सत्ताविसावी चिठ्ठी ९ ऑगस्टची निघाली. स्केचपेन त्या चौकोनाशी नेला तर तिथे आधीच फुली होती.

वर्गात जो गलका झाला तो मी थांबवला नाही. दोघं उभे राहिले, एकमेकांकडे बघून हसले. तीन वर्षं एकाच वर्गात असून त्यांना हे ठाऊक नव्हतं. उरलेल्या चिठ्ठ्याही उघडल्या आणि तेहतिसाव्या चिठ्ठीला आणखी एक जोडी मिळाली, २२ जानेवारीची. छत्तीस मुलांत दोन जोड्या.

गलका ओसरल्यावर तिसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण बाई, माझ्या वाढदिवसाला तर कोणीच नाही." तिच्या शेजारची म्हणाली, "माझ्यापण नाही." मी म्हटलं, ज्यांना जोडीदार मिळाला नाही त्यांनी हात वर करा. बत्तीस हात वर आले.

या प्रश्नातलं आश्चर्य कुठून येतं ते त्या बत्तीस हातांत दिसतं. म्हणून मी तिथेच बराच वेळ थांबले. प्रत्येक मूल मनात स्वतःची तारीख धरून बसलं होतं. 'माझ्या तारखेशी कोणाची जुळेल का' हा प्रश्न वेगळा आणि 'कोणाचीही कोणाशी जुळेल का' हा वेगळा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर खरोखरच लहान येतं. वर्गात माझ्याशिवाय पस्तीस जण. त्यांतला प्रत्येक जण माझी तारीख चुकवेल याची शक्यता ३६४/३६५. पस्तीसच्या पस्तीस जण चुकवतील याची शक्यता हा अपूर्णांक स्वतःशी पस्तीस वेळा गुणून येते, ती होते साधारण ९१ टक्के. म्हणजे एकेका मुलाला जोडीदार मिळण्याची शक्यता नऊ टक्क्यांच्या आसपास. ती मुलगी बरोबरच बोलत होती. तिच्या जागेवरून बघितलं तर जुळणं दुर्मीळच आहे. आणि तरीही अशा छत्तीस जणांच्या वर्गात कुठेतरी जुळण्याची शक्यता ८३ टक्के असते. बत्तीस जणांनी 'माझं नाही जुळलं' म्हणावं आणि वर्गात जोड्या असाव्यात, यात विरोध काहीच नाही.

स्वतःच्याच तारखेला जोडीदार मिळण्याची शक्यता निम्म्यावर न्यायची तर स्वतःखेरीज २५३ जण लागतात. १८३ नव्हे, २५३. कारण त्या गर्दीत इतरांच्या तारखा आपापसात जुळतात आणि तेवढे दिवस वाया जातात. हा २५३ मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, कारण तो परत येणार होता.

मग तक्त्याकडे वळलो. मी विचारलं, "सत्ताविसावी चिठ्ठी उघडताना तक्त्यावर किती फुल्या होत्या?" सव्वीस. म्हणजे त्या चिठ्ठीला ३६५ पैकी सव्वीस चौकोनांवर नेम लागू शकत होता. पहिल्या चिठ्ठीला एकही फुली नव्हती, दुसरीला एक, तिसरीला दोन, चौथीला तीन. येणारी प्रत्येक चिठ्ठी आधीच्या सगळ्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली जाते आणि न जुळल्यास स्वतःही फुली होऊन पुढच्यांसाठी नेमाची जागा बनते. आपण मनात एकाच फुलीवर, स्वतःच्या फुलीवर, डोळा ठेवून असतो. तक्त्यावर मात्र दर वेळी एक फुली वाढत असते.

आता ही वाढ मोजली. पाच मुलांत जोड्या किती? एक, दोन, तीन, चार यांची बेरीज, दहा. दहा मुलांत पंचेचाळीस. तेवीस मुलांत एकपासून बावीसपर्यंतची बेरीज. मुलांनी ती पटकन केली, बावीस गुणिले तेवीस भागिले दोन, आणि उत्तर आलं २५३. कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट दाखवून एक मुलगा ओरडला, "बाई, तोच!"

हा योगायोग नाही. माझ्या तारखेचा जोडीदार शोधताना २५३ लोक म्हणजे २५३ तुलना. तेवीस जणांच्या खोलीत कोणाचीही कोणाशी तुलना केली तरी त्या २५३च होतात. प्रत्येक तुलनेत जुळण्याची शक्यता ३६५ मध्ये एक. तुलना तेवढ्याच, म्हणून शक्यताही जवळपास तेवढीच, निम्मी. फरक एवढाच की एकाकडे त्या तुलना गोळा व्हायला २५३ माणसं लागतात आणि दुसरीकडे तेवीस पुरतात.

इथे एक चूक हमखास होते आणि त्या दिवशीही झाली. मागून कोणीतरी गणित मांडलं, २५३ भागिले ३६५ म्हणजे ०.६९, तर मग शक्यता ६९ टक्के असली पाहिजे. आकडा बरोबर आहे, अर्थ वेगळा आहे. तेवीस जणांच्या पुष्कळ गटांत मिळून सरासरी जोड्या काढल्या तर दर गटाला ०.६९ जोडी पडते. पण काही गटांत एकदम दोन-तीन जोड्या सापडतात, त्या काही गटांत एकही नसण्याची भरपाई करतात. म्हणून सरासरी ०.६९ असूनही 'किमान एक तरी जोडी' असलेले गट निम्मेच राहतात. आमच्याच वर्गात दोन जोड्या होत्या, तेव्हा हे पटवायला दूर जावं लागलं नाही.

नेमकी शक्यता काढायची रीत उलटी आहे. जुळण्याची शक्यता थेट शोधायची नाही, एकही न जुळण्याची शोधायची. दुसऱ्याने पहिल्याची तारीख चुकवली पाहिजे, म्हणजे ३६४/३६५. तिसऱ्याने दोन तारखा चुकवल्या पाहिजेत, ३६३/३६५. चौथ्याने तीन, ३६२/३६५. हे अपूर्णांक एकामागून एक गुणत जायचं आणि आलेलं उत्तर शेवटी एकातून वजा करायचं.

कॅल्क्युलेटर घेतलेल्या मुलीने आकडे वाचायला सुरुवात केली. पाच जणांपर्यंत न जुळण्याची शक्यता ९७ टक्के. काहीच हललं नव्हतं. दहांवर ८८. पंधरांवर ७५. विसांवर ५९. बाविसांवर ५२.४ आणि तेविसांवर ४९.३. इथे तराजू कलला, जुळण्याची शक्यता ५०.७ टक्के झाली. तिने तिसावर ७०.६ वाचलं, छत्तीसवर ८३.२. पन्नासवर ९७ आणि सत्तावन्नवर ९९ टक्के. वर्षात ३६५ दिवस असताना सत्तावन्न माणसांत जवळजवळ खात्री.

मला या साखळीतलं शेवटचं पाऊल फार बोलकं वाटतं. तेविसावा माणूस आत येतो तेव्हा तो एकटा किती भर घालतो? त्याच्यासमोर बावीस फुल्या असतात, म्हणून तोवर काही जुळलेलं नसेल तर त्याची जुळण्याची शक्यता २२/३६५, सहा टक्के. एवढीशी. एकाही पावलावर मोठी उडी नाही. प्रत्येक गुणक एकाच्या अगदी जवळचा आहे, पण असे बावीस गुणक एकमेकांशी गुणले जातात आणि प्रत्येक पुढचा आधीच्याहून थोडा लहान असतो. माणसं दुप्पट केली की जोड्या दुप्पट होत नाहीत, साधारण चौपट होतात. तेवीस जणांत २५३ जोड्या, शेहेचाळीसांत १०३५, आणि तिथे शक्यता ९५ टक्क्यांच्या जवळ पोचलेली असते. डोक्यातला अंदाज माणसं मोजून केलेला असतो, म्हणून तो इतका मागे पडतो.

एका मुलाने विचारलेला प्रश्न मला इतका आवडला की मी तो दर वर्षी स्वतःहून घालते. सगळे रांगेत उभे राहून एकेक तारीख सांगणार आणि आधीच्या कोणाशी तरी पहिल्यांदा जुळणाऱ्याला बक्षीस, तर रांगेत कुठे उभं राहावं? फार पुढे राहिलं तर समोर फुल्याच कमी. फार मागे राहिलं तर नंबर येण्याआधीच बक्षीस वाटून झालेलं असण्याची भीती. उत्तर विसावी जागा. पण तिथेही जिंकण्याची शक्यता जेमतेम सव्वातीन टक्के आहे आणि आजूबाजूच्या जागांना जवळपास तेवढीच. म्हणजे पहिली जोडी कधी पडेल हे अगदी पसरट आहे. सव्विसाव्या चिठ्ठीपर्यंत काही झालं नाही, यात गणिताचं काही बिघडलं नव्हतं. त्या क्षणी उरलेल्या दहा चिठ्ठ्यांत जुळण्याची शक्यता अजून ५८ टक्के होती. मुलांनी धीर सोडला तेव्हाही बाजू आमचीच होती.

दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग शेजारच्या तुकडीत केला. हजेरी चौतीस. चौतीसच्या चौतीस चौकोन वेगळे निघाले. मुलं हिरमुसली. मी तक्ता तसाच ठेवला, कारण चौतीसांना शक्यता ७९.५ टक्के आहे, म्हणजे असे पाच वर्ग घेतले तर सरासरी एक वर्ग रिकामा जाणारच. काही शिक्षक अशा वेळी स्वतःची किंवा शिपाईमामांची तारीख डब्यात टाकून जोडी होते का बघतात. तसं करू नये. न जुळलेला वर्ग हाही त्याच गणिताचा भाग आहे. दर वर्षी प्रत्येक वर्गात जोडी सापडतेच असं कोणी सांगू लागलं तर चिठ्ठ्या कशा घेतल्या ते विचारावं.

एका वर्गावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून मी पुढच्या तासाला २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाचं उदाहरण घेतलं. ब्राझीलमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत ३२ संघ होते आणि प्रत्येक संघात २३ खेळाडू. जणू कोणी मुद्दाम बत्तीस खोल्यांत तेवीस-तेवीस माणसं बसवली. सूत्राप्रमाणे बत्तीसांपैकी साधारण सोळा संघांत समान वाढदिवस सापडायला हवा. खेळाडूंच्या जन्मतारखा जाहीर असतात, त्या लोकांनी ताडून पाहिल्या. सोळा संघांत सापडला. इतकं तंतोतंत जमायलाच हवं होतं असं नाही, तेरा किंवा एकोणीस आले असते तरी मी तक्रार केली नसती. पण १८३ चा अंदाज खरा असता तर बत्तीसांत दोन-तीन संघांपलीकडे काही हाती लागलं नसतं.

आता राहिली ती अट, जी आम्ही सगळा तास गृहीत धरली होती: वर्षाचे सगळे दिवस सारखेच. प्रत्यक्षात जन्म वर्षभर सारखे पसरलेले नसतात. मुलांना वाटतं की याने शक्यता कमी होत असेल. होते उलट. दोनच दिवसांचं वर्ष कल्पून बघा. दोन्ही दिवशी निम्मे-निम्मे जन्म असतील तर दोन माणसांची तारीख जुळण्याची शक्यता पन्नास टक्के. एका दिवशी सत्तर टक्के आणि दुसऱ्या दिवशी तीस टक्के जन्म असतील तर ०.७ चा वर्ग अधिक ०.३ चा वर्ग, म्हणजे ५८ टक्के. वाटणी कशीही विषम करा, जुळण्याची शक्यता वाढतेच. त्यामुळे ५०.७ टक्के ही तेवीस जणांसाठीची सगळ्यात कमी शक्यता समजावी.

ही विषमता किती टोकाला जाऊ शकते हे महाराष्ट्रात कोणालाही वेगळं सांगायला नको. घरातल्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा. त्यावर १ जून असण्याची बरीच शक्यता आहे. पूर्वी खेड्यांत जन्माची नोंद हाताशी नसायची, जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, आणि मूल दाखल करताना गुरुजी वयाचा अंदाज घेऊन जनरल रजिस्टरमध्ये १ जून लिहून मोकळे व्हायचे. तीच तारीख पुढे नोकरीला लागली. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून आपल्याकडे ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस झाला.

मुलांना मी घरचा अभ्यास दिला: आजीआजोबांची कागदावरची तारीख आणा. आणि सोबत गणित. समजा दहांतल्या एकाची तारीख १ जून आहे आणि बाकीचे नऊ जण उरलेल्या ३६४ दिवसांत सारखे पसरलेले आहेत. मग निम्मी शक्यता व्हायला किती माणसं? एकही जोडी न होण्याचे दोनच मार्ग आहेत. एक तर १ जूनचं कोणीच नको, किंवा फक्त एकच हवा; आणि दोन्ही बाबतींत बाकीच्यांच्या तारखा वेगवेगळ्या हव्यात. हे दोन्ही काढून बेरीज केली आणि ती एकातून वजा केली की तेरा माणसांना जुळण्याची शक्यता ४९ टक्के येते आणि चौदांना ५३.६. तेवीसऐवजी चौदा. आणि तेवीस आजीआजोबा जमले तर शक्यता ८४ टक्के.

इथे जोड्या मोजण्याची सोपी युक्ती फसते, हेही मुलांना दाखवावं लागलं. कोणत्याही दोघांची तारीख जुळण्याची शक्यता आता ८२ मध्ये एक होते. म्हणून वाटतं की हे ८२ दिवसांचंच वर्ष आहे आणि अकरा माणसं पुरतील. पण इथल्या बहुतेक जोड्या एकाच तारखेवर गोळा होतात. १ जूनचे तिघं जमले की तीन जोड्या एकदम मोजल्या जातात, आणि 'किमान एक' यासाठी त्यांतली एकच कामाची. सारख्या वाटणीच्या वर्षात जोड्या विखुरलेल्या असतात, म्हणून ती युक्ती तिथे इतकी छान चालते.

सोमवारी मुलांनी एकोणीस तारखा आणल्या. चिठ्ठ्या तशाच डब्यात टाकल्या, नवा तक्ता लावला, स्केचपेन तोच. पहिली १ जून दुसऱ्याच चिठ्ठीला आली. दुसरी आठव्या चिठ्ठीला. बारा चिठ्ठ्या होईपर्यंत त्या चौकोनावर चार फुल्या पडल्या आणि कागद मागपर्यंत लाल झाला.